शेवटच्या चरणातलं नाव

गणपतीत आमच्या घरी रात्री भजन बसलं की बुवा ‘अवघा रंग एक झाला’ घेतात. पखवाज चढत जातो, झांजा वाजतात, ओटीवर बसलेली पोरं कोरसात मिसळतात. मी लहानपणापासून हा अभंग ऐकत आले, पण तो पुरा वाचला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागल्यावर. तेव्हा शेवटच्या चरणापाशी थबकले. ‘पाहतें पाहणें गेलें दूरी । म्हणे चोखियाची महारी.’ हे चरण मी कधी ऐकलंच नव्हतं. आमचे बुवा ‘पळोनि गेले क्रोध काम’ झालं की गजर धरायचे आणि अभंग तिथेच संपायचा.

पुढल्या वर्षी मी त्यांना विचारलं. ते चांगले गृहस्थ. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “लय चढल्यावर गजर घ्यावाच लागतो गो. आणि ता आता म्हणायचा कसा? कोणाला वाईट वाटला तर?”

त्यांच्या मनात कुठलीही खोट नव्हती. पण त्या एका चरणाबरोबर चोखामेळ्याची बायको सोयराबाई गेली. अभंग राहिला, तो लिहिणारी बाई राहिली नाही. वर्गात विचारावं, हा अभंग कुणाचा? निम्मी मुलं तुकारामांचा म्हणतात, काही ज्ञानेश्वरांचा. ‘अवघा रंग एक झाला’ हे वाक्य कुणाचंही असू शकतं. देवळाच्या आत बसून म्हणायला ते सोपं आहे. महाद्वाराबाहेर उभं राहून ते म्हणणाऱ्या बाईचं नाव कळलं की मगच त्याचं वजन कळतं.

तेव्हापासून अकरावीला संतकाव्य शिकवताना मी सुरुवात शेवटाकडून करते. फळ्यावर आधी फक्त शेवटची चरणं लिहिते. ‘म्हणे चोखियाची महारी.’ ‘म्हणे चोखियाचा कर्ममेळा.’ ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा.’ ही नाममुद्रा. कवी आपली सही काव्यातच करतो, कारण अभंग तोंडातोंडी जाणार हे त्याला माहीत असतं. मुलांना मी एवढंच विचारते, की या सहीत काय काय सांगितलंय? बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, जात. सोयराबाईच्या सहीत तर तिचं स्वतःचं नावही नाही. ती कुणाची आणि कोण, एवढंच आहे.

असं करण्याचं कारण उत्तरपत्रिकांमध्ये आहे. ‘संतांनी समाजाला समतेचा संदेश दिला.’ हे वाक्य मी हजारो वेळा तपासलंय. रसग्रहणात हे वाक्य आलं की विद्यार्थ्याने अभंग वाचलेला नाही, हे मला कळतं. ते कुठल्याही संताला, कुठल्याही अभंगाला लागतं. दुसरी खूण क्रियापदात असते: ‘त्या काळी जातिभेद होता.’ त्या ‘होता’ वर मुलं पाय टेकवून सुखाने उभी राहतात. माझा वर्ग किनाऱ्यावरच्या गावांतला आहे. खारवीवाडी, भंडारवाडी, कुणबीवाडी, मोहल्ला, बौद्धवाडी अशा पत्त्यांवरून मुलं येतात. एसटीत एकत्र चढतात आणि आपापल्या वाडीच्या थांब्यावर उतरतात. डिसेंबर 2020 मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तरी पत्ता सांगताना तोंडात जुनंच नाव येतं.

एक चूक मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत केली. ‘जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार’ हा अभंग होता. हजेरीच्या क्रमाने मुलं प्रकट वाचन करत होती आणि ज्याचा नंबर आला तो मुलगा बौद्धवाडीतला होता. त्याने पहिली ओळ वाचली. दुसऱ्या चरणात ‘तुमच्या उष्ट्यासाठीं आलों’ आलं, तिथे त्याचा आवाज बारीक झाला. मी त्याला थांबवायला हवं होतं. मला वाटलं, थांबवलं तर ते जास्त दिसेल. त्याने शेवटपर्यंत वाचलं, बसला, आणि पुढले तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “तुमचं काय नाय मॅडम, पुस्तकात होतं.” हे वाक्य मला अजून बोचतं.

आता हे अभंग वर्गात मी स्वतः वाचते, संपूर्ण, एकही शब्द न गाळता. वाचण्याआधी सांगते की यातले काही शब्द आज कुणी कुणाला म्हणायचे नाहीत, आणि ते इथे आहेत कारण लिहिणाऱ्याला रोज तेच ऐकावे लागत होते. शब्द गाळला तर सोसणारा माणूसही गळतो. मात्र तो शब्द उच्चारण्याचं काम सतरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात घालायचं नसतं.

‘जोहार’चं आणखी एक आहे. हा वरच्या जातींना खालून करायचा नमस्कार. चोखोबांनंतर साधारण दोनशे वर्षांनी एकनाथांनीही ‘जोहार मायबाप’ म्हणत महाराच्या तोंडून भारुडं लिहिली. पैठणचा ब्राह्मण महाराचा आवाज घेऊन गावकऱ्यांना सुनावतो, ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती मोठी म्हणूनच शिकवते. पण दोन जोहार शेजारी ठेवले आणि शेवटची चरणं झाकली की मुलं गोंधळतात. मग चरणं उघडायची. एकीकडे ‘एका जनार्दनी’, दुसरीकडे ‘चोखा म्हणे पाटी । आणिली तुमच्या उष्ट्यासाठीं’. एका वर्षी मोहल्ल्यातली एक मुलगी म्हणाली, “भारुड संपल्यावर एकनाथ घरी जातील. चोखोबांची पाटी रोजचीच.” मला याच्याहून नेमकं सांगता आलं नसतं.

पाठाची पहिली तासिका मी ‘ऊस डोंगा’ला देते, कारण तो अभंग आत घेतो. ‘ऊंस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा.’ डोंगा म्हणजे वाकडा. आमच्याकडे हे आधी सांगावं लागतं, कारण ‘नदी डोंगी परी जळ नोहे डोंगें’ म्हटल्यावर खारवीवाडीतल्या पोरांना डोंगी म्हणजे छोटी होडी वाटते. अर्थ लागला की रचना आपोआप दिसते. ऊस, कमान, नदी, आणि मग चोखा. तीन उदाहरणं डोळ्यांना पटणारी. तीनही पटली की चौथं नाकारता येत नाही. इथे मी मुलांना एक शब्द शोधायला लावते. ‘भुललासी’ हे कुणाला म्हटलंय? देवाला नाही. हा एकवचनी ‘तू’ म्हणजे समोर उभा राहून बघणारा. डोंगेपणा उसात नसून बघणाऱ्याच्या नजरेत आहे, असं चोखोबा म्हणतायत का? की स्वतः डोंगा असल्याचं ते मान्य करतायत आणि फक्त आतला भाव तेवढा वाचवतायत? वर्गाचे इथे दोन तट पडतात. मी निकाल देत नाही, कारण हाच प्रश्न पुढे मोठा होऊन परत येणार असतो.

दुसरी तासिका सोयराबाईंची. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥ देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म.’

पहिल्या चरणात मुलांना ओळखीचं काही सापडतं: देह अशुद्ध, आत्मा शुद्ध. सगळेच संत असं म्हणतात, असं त्यांना वाटतं आणि वह्या मिटायला लागतात. दुसऱ्या चरणात मात्र सोयराबाई आत्म्याकडे न जाता देहाकडेच परत येतात आणि तिथेच ठाण मांडतात. त्या म्हणतात, विटाळ देहातच जन्मला. विटाळाशिवाय उत्पत्तीचं स्थानच नाही. मग सोवळा कोण?

‘विटाळ’ हा शब्द फळ्यावर लिहिला की मुली खाली बघतात. पहिल्या वर्षी मला उमगलं नाही. नंतर लक्षात आलं की मुलांच्या लेखी हा इतिहासाच्या पुस्तकातला शब्द आहे, मुलींच्या लेखी घरातला. ‘बाहेरची’ असलेली मुलगी अजून कित्येक घरांत देवघराकडे जात नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही. आजी म्हणते, विटाळ होतो. एकाच शब्दाने दोन माणसं दाराबाहेर ठेवली: गावकुसाबाहेरचा माणूस, आणि घरातली बाई. सोयराबाई दोन्ही होत्या. मला वाटतं म्हणूनच हा युक्तिवाद नवऱ्यापेक्षा त्यांना अधिक सरळ साधला. ज्याला तुम्ही विटाळ म्हणता त्यातूनच तुम्ही आलात, हे बाळंत झालेल्या बाईने म्हटलेलं आहे.

हे मी वर्गात अशाच साध्या शब्दांत सांगते. मुलगे आधी अस्वस्थ होतात, एखादा हसतो. मग मी विचारते, तुमच्यातलं कोण विटाळावाचून जन्मलं? हसू थांबतं. गेल्या काही वर्षांत एखादी मुलगी तासानंतर येऊन म्हणते, “मॅडम, हा अभंग आईला वाचून दाखवला.” पुढे काय झालं ते मी विचारत नाही.

तिसरी तासिका मी एका विद्यार्थिनीकडून शिकले. बौद्धवाडीतली, बारावीत होती, वाचनाची भूक असलेली. ती एक दिवस गाथा घेऊनच स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, तुम्ही हा का नाय शिकवत?” बोट ठेवलं होतं तो अभंग असा: ‘यातीहीन मी महार । पूर्वीं निळाचा अवतार ॥ कृष्णनिंदा घडली होती । म्हणोनि महार जन्मप्राप्ती ॥ चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वींचें हें फळ.’

मला तो माहीत होता आणि मी तो टाळत होते, हे खरं आहे. चोखोबा इथे म्हणतात की मागल्या जन्मी निंदा केली म्हणून हा जन्म आला. ‘काय भुललासी’ विचारणारा माणूस इथे आपल्यावरच्या अन्यायाचा हिशेब स्वतःच्याच खात्यावर मांडतो. मी म्हटलं, हा शिकवला तर बाकीचं सगळं कोसळेल असं वाटतं. ती म्हणाली, “आमच्या आजीचं तेच म्हणणं आहे. घरात अभंग नाय म्हणत आम्ही. वंदना म्हणतो. आजी म्हणते, देवाला विचारत बसले तोवर दार नाय उघडलं.”

आजीच्या बोलण्यात पिढ्यांचा अनुभव होता आणि त्याला उत्तर म्हणून माझ्याकडे एकही गोड वाक्य नव्हतं. आता हा अभंग मी दरवर्षी शिकवते, आणि त्याच्याच शेजारी मुलाचा ठेवते. कर्ममेळा चोखोबांचा आणि सोयराबाईंचा मुलगा. ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता.’ आणि शेवट: ‘म्हणे चोखियाचा कर्ममेळा । कासया जन्म दिला मला.’

दोन्ही एकाच घरातले. मुलांना मी क्रियापदं अधोरेखित करायला सांगते. बापाकडे ‘घडली’, ‘प्राप्ती’, ‘फळ’: सगळं आपोआप झालेलं, करणारा कुणी नाही, असलाच तर आपण. मुलाकडे ‘केली’. कुणी तरी केली. ‘आमुची केली हीन याती.’ जात मिळालेली नाही, केलेली आहे. आणि करणाऱ्याला तो लाज काढून विचारतो. बापाच्या ‘पूर्वींचें फळ’ या उत्तराला मुलाने ‘कासया’ हा प्रश्न लावला. एवढं क्रियापदांवरून दिसतं. व्याकरणाच्या तासाला कंटाळणारी मुलंसुद्धा इथे पेन्सिल खाली ठेवत नाहीत.

मग वर्ग विचारतो, की खरे चोखोबा कुठले? मी सांगते, दोन्ही. आणि तिसरेही आहेत: ‘धांव घाली विठू आता चालूं नको मंद । बडवे मज मारिती’, असं रडून सांगणारे. त्यांच्या गळ्यात विठोबाचा हार सापडला म्हणून ‘महारा देव बाटविला’ अशा शिव्या खाल्लेले. ज्याला रोज सांगितलं जातं की तुझा जन्म हे तुझ्याच पापाचं फळ, तो कधी ते मानतो, कधी फेटाळतो, कधी नुसता मार खाऊन हाक मारतो. एकाच माणसाचे हे तीन आवाज जुळवून एक ‘संदेश’ तयार करायचा मोह शिक्षकाला फार होतो. तो मी आवरते. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ 1948 मध्ये प्रसिद्ध केला आणि तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, हे मी त्या मुलीला सांगितलं होतं. आठ वर्षांनी त्यांनी धर्म सोडला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ती म्हणाली, आजीला सांगते.

चौथ्या तासाला फळ्यावर वजाबाकी असते. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून चोखोबा गेले, ते परंपरेने शके 1260, म्हणजे 1338. नामदेव तिथे गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरपुरात आणली, अशी कथा आहे. समाधी झाली महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीपाशी. म्हणजे दाराबाहेर. पालगडचे साने गुरुजी, आमच्या दापोली तालुक्यातले, विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून मे 1947 मध्ये दहा दिवस उपोषणाला बसले, तेव्हा ते दार उघडलं. 1947 वजा 1338. मुलं पटकन ओरडतात, 609. मी तो आकडा तास संपेपर्यंत पुसत नाही. या 609 वर्षांत चोखोबांचे अभंग दाराच्या आत म्हटले जात होते.

याच तासाला महाडचं येतं, कारण ते आपल्या कोकणातलंच आहे. चोखोबांचा आणखी एक अभंग: ‘नीचाचे संगती देवो विटाळला । पाणिये प्रक्षाळोनि सोवळा केला.’ माणसाच्या स्पर्शाने देव बाटला, म्हणून देवाला धुतलं. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी ओंजळीत घेतलं, त्यानंतर तळं बाटलं म्हणून त्याचं शुद्धीकरण करण्यात आलं: 108 घागरी, पंचगव्य, मंत्र. पाण्याने देव धुणारे आणि शेणमुताने पाणी धुणारे, असं शेजारी शेजारी लिहिलं की मला पुढे काही बोलावं लागत नाही. ‘त्या काळी’ हा शब्द मुलं स्वतःच खोडतात.

एक गोष्ट मी करून पाहिली आणि सोडली. प्रत्येकाने आपल्या गावाचा नकाशा काढायचा: वाड्या, विहिरी, ग्रामदेवतेचं देऊळ, शिमग्यात पालखी कुठल्या क्रमाने कुठवर जाते, स्मशानं किती. नकाशे अप्रतिम आले. पण भिंतीवर लावल्यावर कुणाचं घर कुठल्या विहिरीशी आहे ते सगळ्या वर्गाने वाचलं आणि दोन मुलांनी आपले नकाशे दुपारी काढून नेले. आता हाच प्रश्न मी घरी लिहायला देते, फक्त माझ्यासाठी, नाव न घालता. त्यात येतं ते मी कुठेही बोलत नाही.

गुणांचं सांगायचं तर, बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत यातलं फार थोडं मावतं, आणि ठरलेलं वाक्य लिहिणाऱ्यालाही गुण मिळतात. हे मी मुलांना आधीच सांगते. परीक्षेत ते वाक्य लिहा, पण त्याच्या पुढे एक ओळ अभंगातली लिहा आणि त्या ओळीतलं एक क्रियापद पकडा. तेवढं केलं तरी उत्तर वेगळं दिसतं.

तीन वर्षांपूर्वी आमची सहल अक्कलकोट-पंढरपूरला गेली. ती गाथा आणणारी मुलगी तेव्हा कॉलेज सोडून गेली होती, पण तिची धाकटी बहीण त्या तुकडीत होती. पहाटेच्या अंधारात आम्ही महाद्वारापाशी पोचलो. मुलं नामदेवांची पायरी चुकवून, तिच्यावर पाय न देता, आत जायला लागली. ती चोखोबांच्या समाधीजवळ थांबली. म्हणाली, “मी इथे बसते.” मी विचारलं नाही, का. माझी पर्स तिच्याकडे दिली आणि रांगेत गेले.

दर्शन होऊन बाहेर यायला दोन तास लागले. ती तिथेच होती, पर्स मांडीवर, वही उघडी. मुली तिच्याभोवती जमल्या, कुणी बुक्का लावला, कुणी चुरमुरे दिले. वहीत काय लिहिलंस, असं कुणीतरी विचारलं. तिने वही मिटली आणि महाद्वाराकडे बघत मला म्हणाली, “मॅडम, मी सगळीकडून बघितलं. इथून विठोबा दिसत नाय.”